पॉवर बँकेचे वॉट-अवर कसे मोजायचे आणि विमानात ती कुठे ठेवायची

प्रश्न: माझ्याकडे ३०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. तिच्यावर वॉट-अवर कुठेच छापलेले नाहीत. ५ व्होल्टने गुणलं तर १५० येतात, मित्र म्हणतो १११, आणि मागे लिहिलेली ‘रेटेड कपॅसिटी’ धरली तर ९० येतात. यातलं खरं कुठलं? पुढच्या महिन्यात मी आणि बायको एमिरेट्सने मुंबईहून दुबईमार्गे लंडनला जातोय. ही हँडबॅगेत चालेल का, की सरळ चेक-इनच्या बॅगेत टाकू? घरी २०,०००ची एक जुनीही आहे.

उत्तर:

मित्राचा आकडा बरोबर आहे, १११. आणि म्हणूनच ही पॉवर बँक या प्रवासाला घरीच ठेवा. हँडबॅगेतही नको आणि चेक-इनच्या बॅगेत तर कुठलीच नको. २०,०००ची चालेल, फक्त जुनी आहे म्हणताय तर ती निघण्याआधी नीट बघून घ्या, कशी ते पुढे सांगतो. मी विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये धोकादायक मालाचं काम बघतो. तुमच्यासारखे तीन वेगवेगळे आकडे घेऊन आलेले प्रवासी काउंटरवर नेहमी भेटतात, तेव्हा आधी हे आकडे कुठून येतात ते बघू.

पॉवर बँकेच्या पोटात लिथियम-आयनचे सेल असतात. गोल नळकांडीसारखे किंवा चपट्या पाकिटासारखे. त्यातल्या एका सेलचा व्होल्टेज पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ असतो आणि रिकामा होत आला की ३ च्या आसपास येतो. वापरताना मधल्या काळात तो जिथे रेंगाळतो, तो आकडा म्हणजे ३.७ व्होल्ट. सेल बनवणारे यालाच नॉमिनल व्होल्टेज म्हणतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले ३०,००० एमएएच हे या सेलच्या पातळीवर मोजलेले असतात, म्हणजे ३.७ व्होल्टला. म्हणून गुणायचं तेही ३.७ नेच.

Wh = mAh × V ÷ 1000

३०,००० गुणिले ३.७ भागिले १,००० म्हणजे १११ वॉट-अवर. तुमच्या २०,०००च्या पॉवर बँकेचे याच हिशोबाने ७४ होतात आणि १०,०००वालीचे ३७.

आता ५ व्होल्ट कुठून आले? यूएसबीच्या भोकातून बाहेर पडणारा व्होल्टेज साधारणपणे ५ असतो. सेलचे ३.७ वाढवून ५ करायला आत एक छोटी सर्किट बसवलेली असते. व्होल्टेज वाढला की त्याच ऊर्जेतून मिळणारे एमएएच कमी होतात, शिवाय सर्किट तापते त्यात थोडी ऊर्जा जाते. म्हणजे ३०,००० एमएएच ५ व्होल्टला कधीच मिळत नाहीत. ३०,००० आणि ५ ही जोडीच मुळात चुकीची आहे, एक आकडा सर्किटच्या अलीकडचा आणि दुसरा पलीकडचा. म्हणून तुमचं १५० हे उत्तर कुठेच लागू होत नाही.

‘रेटेड कपॅसिटी’ हा सर्किटच्या पलीकडचा आकडा. तुमचं उत्तर ९० आलं म्हणजे तुमच्या लेबलवर १८,००० एमएएच, ५ व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं असणार. हा आकडा खोटा नाही. उलट ग्राहक म्हणून तुम्हाला हाच जास्त कामाचा, कारण फोनला प्रत्यक्ष किती मिळणार ते यावरून कळतं. १११ पैकी ९० बाहेर आले म्हणजे सुमारे ८१ टक्के, आणि हे प्रमाण ठीकच आहे. पण विमानाच्या नियमात आत साठवलेली ऊर्जा मोजतात. सेलने पेट घेतला तर सर्किटमधून काय बाहेर पडलं असतं याला काही अर्थ उरत नाही. जळतात ते सगळे १११. त्यामुळे ‘९० आहे, १००च्या आत आहे’ हा युक्तिवाद काउंटरवर टिकत नाही, आणि तो करून बघणारे बरेच असतात.

अजून एका आकड्याची गल्लत होते. हल्लीच्या पॉवर बँकांवर २२.५ वॉट, ६५ वॉट, १०० वॉट असं ठळक छापलेलं असतं. हे वॉट आहेत, वॉट-अवर नाहीत. टाकीला नळ किती इंची लावलाय ते वॉट सांगतात आणि टाकीत पाणी किती ते वॉट-अवर. १०० वॉटची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची असू शकते आणि ती निर्धास्त नेता येते. उलट तुमची कदाचित २२.५ वॉटचीच असेल, पण साठा १११.

३.७ हा आकडाही डोळे झाकून धरू नका. लेबलवर एमएएचच्या शेजारी किंवा खाली बारीक अक्षरात व्होल्ट लिहिलेले असतात, तेच घ्यायचे. काही सेल ३.६चे असतात, काही पातळ पाकिटवाले ३.८५चे. फरक वाटतो किरकोळ, पण १००च्या काठावर तो महत्त्वाचा ठरतो. २७,६५० एमएएच ३.६ व्होल्टला ९९.५४ वॉट-अवर होतात, म्हणजे आत. आणि २६,००० एमएएच ३.८५ला १००.१ होतात, म्हणजे एमएएच कमी असूनही बाहेर. दुकानात २६,८०० किंवा २७,००० असे विचित्र आकडे दिसतात त्याचं कारणही हेच. ३.७ने गुणलं तर ९९.१६ आणि ९९.९ येतात. कंपन्यांनी विमानाची मर्यादा समोर ठेवूनच ते बेतलेले आहेत. लॅपटॉप चार्ज करणाऱ्या काही पॉवर बँकांमध्ये सेल एकामागे एक जोडलेले असतात, तिथे लेबलवर ७.२ किंवा ७.४ व्होल्ट दिसतील आणि एमएएच लहान दिसतील. १०,००० एमएएच ७.४ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवरच. नुसते एमएएच बघून अंदाज बांधला की इथे फसायला होतं.

आता मर्यादा. आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेच्या तांत्रिक सूचना आणि त्यावर आधारलेले आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचे नियम जगभरातल्या विमान कंपन्या पायाभूत धरतात. त्यात पॉवर बँक ‘सुटी बॅटरी’ म्हणून मोजतात, कारण ती स्वतः काही काम करत नाही, दुसऱ्या उपकरणाला वीज पुरवते. १०० वॉट-अवरपर्यंतची हँडबॅगेत नेता येते. १०० ते १६० मधली न्यायची तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि अशा जास्तीत जास्त दोन. १६०च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. चेक-इनच्या बॅगेत कुठल्याही आकाराची चालत नाही, अगदी लिपस्टिकएवढी असली तरी.

तुमची १११ची मधल्या गटात पडते. दुसऱ्या एखाद्या कंपनीचं तिकीट असतं तर मी सांगितलं असतं की आधी ईमेल करा, मॉडेल आणि वॉट-अवर कळवा, आणि परवानगी बुकिंगवर नोंदवून घ्या. ‘फोनवर एक बाई हो म्हणाल्या’ याचा काउंटरवर काही उपयोग होत नाही. पण हे सगळे नियम किमान आहेत, कंपनी त्याहून कडक होऊ शकते, आणि एमिरेट्स झाली आहे. १ ऑक्टोबर २०२५पासून त्यांच्याकडे एका प्रवाशाला एकच पॉवर बँक, तीही १०० वॉट-अवरच्या आतली, आणि तिच्यावर क्षमता छापलेली असलीच पाहिजे. विमानात तिने काही चार्ज करायचं नाही आणि तिलाही विमानाच्या सॉकेटवर लावायचं नाही. ठेवायची ती समोरच्या सीटच्या खिशात किंवा समोरच्या सीटखालच्या बॅगेत, डोक्यावरच्या कप्प्यात नाही. म्हणजे १११ला तिथे वावच नाही. तुम्ही दोघं आहात, तेव्हा १००च्या आतली एकेक अशा दोन नेऊ शकता. एकाच्या बॅगेत दोन ठेवू नका.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असं पुष्कळदा असतं. तेव्हा जी कंपनी प्रत्यक्ष विमान चालवते तिचे नियम लागतात, आणि मधे विमान बदलत असाल तर वाटेतला सगळ्यात कडक नियम धरून चला.

तुम्ही चेक-इनचं विचारलंत, तर ती बंदी कशासाठी ते नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं की पोटातल्या सामानात ठेवली तर निदान माणसांपासून लांब राहील. होतं बरोबर उलट. लिथियम-आयन सेलच्या आत दोन थरांमधला पातळ पडदा फाटला, मग तो आदळून असो, बनवतानाच्या दोषाने असो किंवा अति चार्जिंगने, की आत शॉर्ट होतं आणि सेल स्वतःच स्वतःला तापवत जातो. ठरावीक तापमानाच्या वर गेला की तो थांबत नाही, वायू सोडतो, पेटतो आणि शेजारच्या सेललाही तापवून पेटवतो. याला थर्मल रनअवे म्हणतात. प्रवासी विमानाच्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू सोडायची सोय असते. हॅलॉन ज्वाला दाबतो, पण सेलची आतली उष्णता काढून घेत नाही. त्यामुळे एकामागून एक सेल पेटणं चालूच राहतं. त्यात बॅगेत डिओडरंटसारखा स्प्रेचा डबा असला तर? अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने २०१७ साली सामानाच्या बॅगेत लॅपटॉपच्या बॅटरीशेजारी ड्राय शाम्पूचा एरोसोल डबा ठेवून चाचणी केली होती. बॅटरी तापल्यावर काही सेकंदांत आग लागली आणि मिनिटभराच्या आत डब्याचा स्फोट झाला.

आणि दुबईचंच उदाहरण. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालेलं यूपीएसचं मालवाहू बोइंग ७४७ मालातल्या आगीमुळे परत फिरलं आणि उतरायच्या प्रयत्नात कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर होत्या. कॉकपिटमध्ये इतका धूर झाला होता की त्यांना समोरची उपकरणंही दिसत नव्हती. आज आम्ही माल स्वीकारताना लिथियमबद्दल जे प्रश्न विचारतो, त्यातल्या अनेकांच्या मागे हा अपघात आहे. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून पाठवायला एप्रिल २०१६पासून बंदी आहे, ती याच काळजीपोटी.

केबिनमध्ये मात्र माणसं असतात. धूर निघाला तर कुणीतरी बघतं, ओरडतं, क्रू धावत येतो. ज्वाला असतील तर आधी हॅलॉनची बाटली, आणि लगेच पाणी. हो, पाणी, किंवा हाताशी असेल ते कुठलंही पेय ज्यात मद्य नाही. पाण्याने सेल थंड होतात आणि शेजारचे पेटायचे थांबतात. विजेची वस्तू आहे म्हणून पाण्याला घाबरायचं कारण नाही, इथे मुख्य शत्रू उष्णता आहे. बर्फ मात्र टाकायचा नाही आणि वर ब्लँकेटही झाकायचं नाही, दोन्हींनी उष्णता आत कोंडते. ही सगळी धावपळ तेव्हाच शक्य आहे जेव्हा वस्तू दिसते आणि हाताला येते. डोक्यावरच्या कप्प्यात चार बॅगांच्या खाली ती असेल तर धूर दिसेपर्यंत बॅग पेटलेली असते.

हे २८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर झालं. एअर बुसानचं हाँगकाँगला निघालेलं एअरबस ए३२१ उड्डाणाच्या तयारीत होतं आणि मागच्या बाजूच्या वरच्या कप्प्यात आग लागली. विमान जमिनीवर होतं म्हणून सगळे घसरगुंड्यांवरून जिवंत बाहेर पडले. विमानाचं छप्पर मात्र जळून गेलं. तपासात पॉवर बँकेच्या आतलं इन्सुलेशन निकामी झाल्याची शक्यता पुढे आली. त्यानंतर नियम भराभर बदलले. कोरियाने १ मार्चपासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात तिचा वापर बंद केला, आणि चीनने २८ जूनपासून देशांतर्गत विमानांत त्यांचं ३सी प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँका बंद केल्या. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात धावपट्टीकडे जाताना सीटच्या खिशातल्या पॉवर बँकेने पेट घेतला. ती डोळ्यांसमोर होती, क्रूने लगेच विझवली, कुणाला इजा झाली नाही. आपल्या विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएनेही त्यानंतर कंपन्यांना सूचना काढून विमानात पॉवर बँकेने चार्जिंग करणं आणि ती वरच्या कप्प्यात ठेवणं बंद करायला सांगितलं. तेव्हा मुंबई-नागपूरसारख्या देशांतर्गत प्रवासातही आता हीच सवय लावून घ्या.

समजा तुम्ही तरीही चेक-इनच्या बॅगेत टाकलीत, तर मुंबईत काय होतं ते सांगतो. बॅग पट्ट्यावरून आत जाते आणि तिथे एक्स-रेच्या अनेक टप्प्यांतून फिरते. पॉवर बँक पडद्यावर लपत नाही. गोल सेल असतील तर ओळीने मांडलेल्या जाड कांड्या दिसतात, चपटे असतील तर एकसारखी गडद वीट, आणि एका टोकाला सर्किटची बारीक नक्षी. बॅग बाजूला काढली जाते आणि प्रवाशाला शोधायला सुरुवात होते. तोवर तुम्ही इमिग्रेशन पार करून आत पोचलेले असता. नावाचा पुकारा होतो, तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात, आणि तुम्ही वेळेत सापडला नाहीत तर बॅग मागे राहते. दुबईला उतरून लंडनचं विमान धरायचं असताना हा ताप कुणाला परवडतो? म्हणून घरी बॅग भरतानाच बघा, विशेषतः जुन्या ट्रॉली बॅगेचे बाहेरचे कप्पे. मागच्या प्रवासातली पॉवर बँक तिथेच राहून गेलेली असते आणि माणूस मनापासून सांगतो की माझ्या बॅगेत काहीच नाही.

याहून जास्त वेळा चूक होते ती विमानाच्या दारात. हँडबॅग जास्त झाल्या की शेवटच्या रांगेतल्यांच्या बॅगा गेटवर टॅग लावून पोटात टाकायला घेतात. कोल्हापूर, जळगाव अशा मार्गांवरच्या छोट्या विमानांत तर शिडीपाशीच ट्रॉली बॅग घेतात. नियमाने तुम्ही पॉवर बँक हँडबॅगेतच ठेवली होती, पण त्या क्षणी ती हँडबॅग चेक-इनची बॅग झाली. कर्मचाऱ्याने विचारायला हवं, आणि आम्ही शिकवतोही तसं, पण गर्दीत राहून जातं. म्हणून पॉवर बँक ट्रॉलीत ठेवूच नका. पर्समध्ये, कमरेच्या पाऊचमध्ये किंवा लॅपटॉपच्या छोट्या बॅगेत ठेवा, जी कुठल्याही परिस्थितीत तुमच्याजवळ राहणार आहे.

आता तुमची दुसरी अडचण, लेबलची. सुरक्षा तपासणीला उभा असलेला सीआयएसएफचा जवान किंवा परदेशातला अधिकारी पॉवर बँक उघडून मोजत बसत नाही. तो लेबल वाचतो. वॉट-अवर छापलेले असतील तर प्रश्नच नाही. नसतील, पण एमएएच आणि व्होल्ट स्पष्ट असतील तर बहुतेक ठिकाणी गुणाकार करून चालतं. दोन्हीतलं काही वाचता येत नसेल, अक्षरं घासून गेली असतील, तर ती काढून घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि चीनमध्ये तर क्षमता न कळणारी पॉवर बँक ठामपणे अडवतात. मार्करने स्वतः लिहून किंवा प्रिंट काढून चिकटवू नका. ते लगेच ओळखू येतं आणि संशय वाढतो. अक्षरं पुसट होऊ नयेत म्हणून नव्या पॉवर बँकेच्या लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवणं मात्र चांगलं.

लेबल खोटं असेल तर काय, हाही प्रश्न येतो. रस्त्यावर ५०,००० एमएएच लिहिलेली हलकीफुलकी पॉवर बँक पाचशे-सातशेला मिळते. तिच्यात प्रत्यक्षात ८-१० हजारही नसतात. पण लेबलप्रमाणे ती १८५ वॉट-अवरची, म्हणजे विमानात पूर्ण बंद. ‘अहो, खोटं लिहिलंय’ असं तुम्ही अधिकाऱ्याला सांगू शकत नाही. घरी ओळखायची सोपी रीत म्हणजे वजन. १८६५० या मापाचा गोल सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो आणि सर्रास मिळणाऱ्यातला चांगल्यातला चांगला ३,५०० एमएएच देतो. ३०,०००साठी असे नऊ लागतात, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या पुढे. त्यावर खोकं आणि सर्किट. साधे सेल असतील तर संख्या वाढते आणि वजनही. तुमची पॉवर बँक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. साडेपाचशे-सहाशे ग्रॅम भरली तर ३०,००० हा दावा पटण्यासारखा आहे. अडीचशे भरली तर आत तेवढे सेल मावलेलेच नाहीत, आणि ज्याने एमएएच खोटे छापले त्याने संरक्षक सर्किटमध्ये काटकसर केली नसेल असं मी तरी मानणार नाही. ती मी घरातही चार्जिंगला लावून झोपणार नाही.

तुमच्या जुन्या २०,०००वालीसाठी हेच करा. ७४ वॉट-अवरला साधारण साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम वजन अपेक्षित आहे. मग ती सपाट काचेवर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबा. डुलली तर आतले सेल फुगायला लागलेत. शिवणीच्या फटीतून झाकण किंचित उचललेलं दिसेल, किंवा पूर्वी सरळ बसणारी केबल आता तिरकी जात असेल. नाकाजवळ धरा, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येत असेल तर सेल गळतोय. चार्जिंगला नसतानाही कोमट लागत असेल तर तेही वाईट लक्षण. यातलं एकही दिसलं तर ती विमानात नेऊ नका. खराब झालेली किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी, कितीही लहान असली तरी, हँडबॅगेतही चालत नाही. परत मागवण्याचं प्रमाणही आता कमी नाही. जून २०२५मध्ये एका मोठ्या ब्रँडने एकट्या अमेरिकेत १०,००० एमएएचच्या एका मॉडेलच्या दहा लाखांहून जास्त पॉवर बँका परत मागवल्या. तुमचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

प्रवासाच्या दिवशी ती पूर्ण भरू नका. प्रवाशांसाठी तसा नियम नाही, हे माझं मत आहे. सुटे लिथियम-आयन सेल माल म्हणून विमानाने पाठवताना ३० टक्क्यांहून जास्त चार्ज चालत नाही, कारण कमी भरलेला सेल बिघडला तरी कमी तापतो आणि शेजारच्याला पेटवण्याची शक्यता घटते. विमानात वापरायचीच नाही तर शंभर टक्के भरून काय करायचंय? निम्मी असली की दुबईच्या थांब्यावर दोन फोन निघतात, आणि तिथे भिंतीला सॉकेटही आहेत. केबल काढून वेगळी ठेवा. यूएसबीच्या भोकांत नाणी, किल्ल्या, हेअरपिन जाणार नाहीत अशा बेताने छोट्या कापडी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घाला. नुसतं बटण दाबलं तरी वीज सोडणारी किंवा फोनच्या पाठीला चुंबकाने चिकटणारी असेल तर ती फोनपासून वेगळी करा. सुरक्षा तपासणीला लॅपटॉपसारखीच ती बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे बॅग दुसऱ्यांदा स्कॅनला जाणार नाही.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. झोपेत पॉवर बँक किंवा फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करून शोधू नका. सीटच्या यंत्रणेत ती चेपली की आतला पडदा फाटतो, आणि विमानातल्या काही आगी अशाच लागल्या आहेत. जागेवरून उठा आणि क्रूला बोलवा, त्यांना ती कशी काढायची ते शिकवलेलं असतं. हातातली पॉवर बँक चटका बसण्याइतकी तापली, फुगली किंवा तिच्यातून सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला तर बॅगेत कोंबू नका, लपवू नका, लगेच हाक मारा.

३०,०००वाली आता घरी राहील. महिनाभर पडून राहणार असेल तर अर्धी चार्ज करून, गादी-कपड्यांपासून दूर, थंड जागी ठेवा. बंद कारमध्ये नको. आणि परतीचं तिकीट वेगळ्या कंपनीचं असेल तर लंडनहून निघण्याआधी त्या कंपनीच्या साइटवरचं बॅगेजचं पान पुन्हा एकदा वाचा, कारण हे नियम गेल्या वर्षभरात वारंवार बदललेत. तिथे जाऊन नवीन घ्यायचीच झाली तर वॉट-अवर छापलेली आणि १००च्या आतली बघून घ्या.